शून्यानंतरचा आकडा

रोह्याकडच्या कारखान्यातल्या नाथाचा हात भाजल्याची बातमी प्रविणला पेणला कळली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि ती ऐकून त्याला आधी सुटल्यासारखं वाटलं. कारण बातमीबरोबरच कमळाकरशेठनी सांगितलं होतं, की ऑपरेटरनं भलतंच बटण दाबलं, आपल्या प्रोग्रॅमचा काही संबंध नाही. त्या सुटकेची लाज त्याला नंतर फार दिवस वाटत राहिली. बाकीच्या लाजेपेक्षा जास्त.

कमळाकरशेठची फर्म पेणच्या बाजारात एका सुतळीच्या दुकानाच्या माडीवर होती. रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्यांना मोजमापाची यंत्रं बसवून द्यायची, त्यांना कॉम्प्युटर जोडून द्यायचा, असा धंदा. प्रोग्रॅम लिहायचा प्रविण. इंजिनियरिंगचा डिप्लोमा झालेला, मूळचा कासूकडचा, वडील मिठागरावर. सी भाषा तो पुस्तकावरून स्वतःच शिकला होता आणि त्याचा त्याला बारीकसा अभिमान होता. सकाळी त्याच माडीवर शेठ कॉम्प्युटरचे वर्गही चालवत, तिथे शिकवायचाही तोच.

रोह्याजवळच्या ज्या कारखान्यात अपघात झाला तिथे कापडाच्या रंगाला लागणारा माल बनायचा. मोठ्या लोखंडी पात्रात माल शिजायचा आणि पात्राला वाफेची उष्णता मिळायची. वाफेचा व्हॉल्व्ह किती उघडायचा हे कॉम्प्युटर ठरवायचा. तो एका कार्डाला आकडा पाठवायचा. शून्य म्हणजे पूर्ण बंद, चार हजार पंच्याण्णव म्हणजे पूर्ण उघडा. शिजवण अर्ध्यावर थांबवायची वेळ आली तर वाफ एकदम तोडून चालत नसे, आतल्या मालाच्या गाठी व्हायच्या. म्हणून प्रविणनं एक वेगळं बटण दिलं होतं. ते दाबलं की आकडा एकेकानं उतरत शून्यावर यायचा आणि वाफ सावकाश बंद व्हायची. चालू असताना पडद्यावर ‘बंद होत आहे’ आणि शेवटी ‘बंद झाले’ अशी अक्षरं यायची. हे बटण क्वचितच लागायचं.

त्या संध्याकाळी ते लागलं. थंड पाण्याचा पंप आवाज करायला लागला म्हणून शिजवण थांबवायचं ठरलं. पडद्यापुढे जनू होता, खांबचा, शेतकरी घरातला, कारखान्यात बरीच वर्षं काढलेला. वरच्या फळीवर पात्राशी नाथा उभा होता. जनूनं बटण दाबलं. भिंतीवरचा व्हॉल्व्हचा काटा हळूहळू उतरत शून्याला टेकला. पडद्यावर अजून ‘बंद होत आहे’ हेच होतं, पण काटा तर खाली आला होता. जनूनं वर हाक मारली, की बंद झाली, उघड. नाथानं आतला माल बघायला नमुन्याची तोटी उघडली. तेवढ्यात खाली काटा शून्यावरून थेट टोकाला गेला. वाफ पुन्हा पूर्ण सुटली, आतला माल उसळला आणि तोटीतून नाथाच्या हातावर आणि मानेवर आला.

जनूनं सगळी बटणं दाबून पाहिली. पडदा ढिम्म. शेवटी त्यानं कॉम्प्युटरचा मुख्य स्विच ओढला, तेव्हा व्हॉल्व्ह आपल्या स्प्रिंगनं मिटला. नाथाला रोह्याला दवाखान्यात नेलं. नंतर कॉम्प्युटर पुन्हा चालू केला तर तो नेहमीसारखा सुरू झाला. दाखवायला काहीच उरलं नव्हतं.

जनूला घरी बसवलं आणि चौकशी लावली.

हे सगळं शेठनी प्रविणला सांगितलं तेव्हा त्यानं एकच विचारलं, की जनू कुठलं बटण दाबलं म्हणतो? शेठ म्हणाले, त्यालाच नीट सांगता येत नाही, घाबरला होता. प्रविणनं मान हलवली. ऑपरेटर घाबरतात, हे त्यालाही ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात सकाळच्या वर्गाला त्यानं लूप शिकवले, म्हणजे मशीनकडून तेच काम पुन्हापुन्हा करून घ्यायची पद्धत. आधी वाढत मोजणारा लूप झाला, मग उतरत मोजणारा. फळ्यावर त्यानं लिहिलं:

unsigned i;
for (i = 10; i >= 0; i--)
    printf("%d\n", i);

आणि सांगितलं, की जी गोष्ट कधी ऋण होणारच नाही तिच्यासाठी अनसाइन्ड, म्हणजे बिनचिन्हाचा आकडा घ्यावा, म्हणजे चिन्हात एक जागा वाया जात नाही. ही त्याची अलीकडची आवड होती. पावसाळ्याच्या आधी त्यानं आपले सगळे जुने प्रोग्रॅम त्याच नजरेनं साफ केले होते.

मुलं मशीनवर बसली. थोड्या वेळानं ऋतुजानं हात वर केला. ती चिंचपाड्याकडून यायची, कॉलेज करून हा वर्ग करत होती आणि फारसं बोलायची नाही. म्हणाली, माझं काहीतरी चुकलंय, मशीन थांबत नाहीये.

प्रविण तिच्या मागे जाऊन उभा राहिला. पडद्यावर आकडे वर सरकत होते, उणे नऊशे, उणे हजार, वाचता येऊ नयेत इतक्या वेगानं.

“अट चुकीची टाइप केली असशील,” तो म्हणाला.

तिनं प्रोग्रॅम थांबवून दाखवला. फळ्यावर होतं तसंच होतं, एक अक्षर इकडेतिकडे नव्हतं. तिनं विचारलं, “सर, उणे एक हा शून्यापेक्षा मोठा कसा?”

तेव्हा त्याला उत्तर माहीत होतं. म्हणजे नियम माहीत होता. अनसाइन्डमध्ये उणे असा आकडाच नसतो. शून्यातून एक वजा केला की तो सगळ्यात मोठ्या आकड्यावर जातो, या मशीनवर पासष्ट हजार पाचशे पस्तीस. छापताना त्यानंच चिन्हाचा आकडा समजून छाप असं सांगितलं होतं म्हणून तो उणे एक दिसत होता. पण लूपला तो मोठाच दिसत होता, आणि मोठा आकडा शून्यापेक्षा मोठा-किंवा-समान असणारच. शून्यही असणारच. म्हणजे ही अट कधीच खोटी पडणार नव्हती. लूप संपणारच नव्हता.

त्यानं तिला छापायच्या ओळीतलं d हे अक्षर बदलून u करायला लावलं. तिनं पुन्हा चालवला आणि लगेच थांबवला. दोन, एक, शून्य, ६५५३५, ६५५३४.

“तुझं काही चुकलेलं नाही,” तो म्हणाला. “माझं चुकलं.”

मुलं हसली, सर चुकले म्हणून. तोही हसायला गेला आणि त्याच क्षणी त्याला रोह्याचा व्हॉल्व्ह आठवला.

वर्ग सुटेपर्यंत तो कसाबसा उभा राहिला. मग आतल्या खोलीत जाऊन त्यानं कारखान्याचा प्रोग्रॅम उघडला. सावकाश बंद करायचा भाग बघायला त्याला शोधावंही लागलं नाही. मे महिन्यात त्यानं स्वतःच तिथे एक शब्द वाढवला होता. आधी साधा इंट, म्हणजे चिन्हासकटचा आकडा होता आणि तो बरोबर चालत होता, बसवताना सगळ्यांसमोर चालवून दाखवला होता. उणे एकवर येऊन थांबत होता. मग व्हॉल्व्ह कधी ऋण होत नाही म्हणून त्यानं त्याच्यापुढे अनसाइन्ड लिहिलं. बदलल्यावर वरचेवर लागणारे भाग तपासले, हा तपासला नाही. प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरनं काही इशारा दिलाही असेल. इशारे बंद ठेवायची त्याला सवय होती, पडदा भरून जातो म्हणून.

शून्यानंतर ६५५३५. कार्ड त्यातले खालचे बारा बिट घ्यायचं, आणि ते बाराही एक असायचे. म्हणजे चार हजार पंच्याण्णव. पूर्ण उघडा. तिथून पुन्हा एकेक करत उतरायचा, पुन्हा शून्य, पुन्हा उसळी. कोणी स्विच ओढला नसता तर व्हॉल्व्ह असाच मिटत आणि उघडत राहिला असता. प्रोग्रॅम त्या लूपमधून बाहेरच येत नव्हता, म्हणून ‘बंद झाले’ ही अक्षरं आली नाहीत. म्हणून बटणं चालली नाहीत. जनूनं सांगितलेला एकेक शब्द खरा होता.

त्या दुपारी त्यानं तो शब्द पुसला, प्रोग्रॅम पुन्हा बनवून फ्लॉपीवर घेतला आणि गाडीनं रोह्याला गेला. ते पात्र दुसऱ्या दिवशी चालू होणार होतं, त्यामुळे जाणं भागच होतं. वाटेत तो स्वतःला हेच सांगत राहिला. कासू आलं तेव्हा डब्यात चढलेल्या ओळखीच्या म्हाताऱ्यानं त्याच्या बापाची चौकशी केली, त्याला काय उत्तर दिलं ते त्याला नंतर आठवेना.

कारखान्यात त्यानं फ्लॉपी घातली, जुना प्रोग्रॅम पुसून नवा टाकला. शिफ्टचे इनचार्ज दाजी होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी विचारलं, काय केलंत?

“थोडी सुधारणा,” प्रविण म्हणाला.

दाजींनी त्याला चहा पाजला. एवढ्या लांब आलात म्हणून आभारही मानले.

तो आला होता सांगायच्या तयारीनं. चहा पिताना त्यानं दोनदा वाक्य जुळवलं. मग मनात आलं, आता प्रोग्रॅम तर बरोबर आहे. पुढे कोणाला काही होणार नाही. शेठशी बोलू आणि मग सांगू. शेठशीही तो बोलला नाही. एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी सांगणं अवघड होतं, कारण मग कालच का नाही सांगितलं हेही सांगावं लागतं.

चौकशीच्या दिवशी त्याला आणि शेठना बोलावलं. कारखान्याचे मोठे साहेब, दाजी आणि आणखी एक अधिकारी अशी मंडळी होती. जनू भिंतीला लागून उभा होता, धुतलेला सदरा घालून. त्याच्यापुढे खुर्ची होती, तरी तो उभाच होता. प्रविणनं त्याला याआधी कामाच्या गडबडीतच पाहिलं होतं.

साहेबांनी साधी गोष्ट सुचवली. बटण दाबून बघू या. वाफेची मुख्य लाइन बंद करून त्यांनी सावकाश बंद करायचं बटण दाबायला लावलं. काटा उतरला, शून्यावर टेकला आणि तिथेच थांबला. पडद्यावर ‘बंद झाले’ आलं. पुन्हा केलं. पुन्हा तसंच.

प्रविण ते बघत उभा होता. हे असं होणार हे त्याला आधीच माहीत होतं, आणि तरी इथे उभं राहीपर्यंत त्यानं त्याचा अर्थ मनाला लागू दिला नव्हता. त्यानं चूक दुरुस्त केली नव्हती. जनूच्या बाजूची एकुलती एक साक्ष पुसून टाकली होती.

साहेबांनी त्याच्याकडे वळून विचारलं, की प्रोग्रॅममध्ये काही दोष आहे का?

“प्रोग्रॅम बरोबर आहे,” प्रविण म्हणाला.

ते त्या दिवशी खरं होतं.

मग साहेबांनी जनूला विचारलं, की तुला काय म्हणायचंय. तो अजून काट्याकडेच बघत होता. म्हणाला, “माज्याच हातून काय तरी दाबलं गेलं असल. कॉम्प्युटर खोटा कसा बोलल?”

त्यात कसलाही राग नव्हता. त्याला खरंच तसं वाटायला लागलं होतं, हे प्रविणला दिसलं. इतके दिवस जी गोष्ट त्यानं डोळ्यांनी पाहिली होती ती आता त्याची त्यालाच पटेनाशी झाली होती.

परतीच्या गाडीत शेठ खुशीत होते. प्रविण खिडकीला डोकं टेकून बसला. पेणला उतरल्यावर शेठनी विचारलं, बरं नाही का? तो नाही म्हणाला आणि घरी गेला. जेवण जाईना. आईला वाटलं ताप आलाय.

दोन दिवस त्यानं वर्ग घेतला. ऋतुजा पहिल्या बाकावर बसून उतरते लूप नीट लिहायला लागली होती, शून्याच्या आधी थांबवून शून्याचं काम लूपच्या बाहेर करायचं. वर्गातल्या इतरांनाही तिनंच समजावलं. तिच्याकडे बघताना त्याला सारखं वाटत राहिलं, की हिला आपण तुझं चुकलं नाही असं एका क्षणात म्हणालो. तिथे म्हणायला काहीच लागलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो शेठकडे न जाता आधी खांबला गेला.

पेणहून एसटीनं महामार्गावर कोलाडच्या अलीकडे खांब. भात निघून गेलं होतं, शेतांतून वाल उगवून आला होता. जनूचं घर त्याला एका बाईनं दाखवलं. दारात जनूची बायको सरू होती. पेणहून कोण आलंय म्हणून तिनं आत निरोप दिला आणि पाणी आणून ठेवलं. तिला वाटलं, कारखान्यातून कामावर बोलवायला कोणी आलंय. ते तिच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट होतं, की प्रविणला पाणी पिववेना.

जनू शेतातून आला, पाय धुऊन ओट्यावर बसला.

प्रविणनं इकडचं तिकडचं काही न बोलता सांगितलं. व्हॉल्व्ह आपोआप उघडला होता. तुम्ही काही दाबलं नव्हतं. तो शब्द मी घातला होता, आणि चौकशीच्या आधी मीच काढला.

जनूला आधी समजलंच नाही. त्यानं विचारलं, “म्हंजे शून्यावर जाऊन पुन्हा वर कसा जाईल?”

प्रविणनं त्याला स्कूटरवरचा किलोमीटरचा आकडा आठवायला सांगितला. तो उलटा फिरवला तर सगळी शून्यं येतील. आणखी एक घर उलटा फिरवला तर सगळे नऊ. त्याला शून्याच्या खालचा आकडा दाखवताच येत नाही, म्हणून तो सगळ्यात वरचा दाखवतो. मी मशीनला सांगून ठेवलं होतं, शून्याच्या खाली गेलास की थांब. ते खाली कधी जाणारच नव्हतं.

“म्हंजे ते थांबायचंच नव्हतं.”

“नाही.”

सरू दाराच्या चौकटीला धरून ऐकत होती. मग जनू बोलला तो आवाज न चढवता.

“मी नाथाच्या घरी गेलो. त्याच्या आईसमोर त्याचे पाय धरले. म्हटलं, माज्या चुकीनं झालं, माफ कर. तो भिंतीकडं तोंड करून पडला व्हता. ते काय मी आता परत घेऊ?”

प्रविणनं पुढ्यातला पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला.

“तुमी त्या दिवशी तितं उभे व्हतात,” जनू म्हणाला. “मी बोललो ते ऐकलात.”

“ऐकलं.”

“आन् गप ऱ्हायलात.”

प्रविण हो म्हणाला. काही कारण सांगावं असं त्याच्या ओठावर आलं होतं, घरचं, नोकरीचं. ते त्यानं गिळलं.

सरू म्हणाली, “हे इथं सांगून काय व्हनार? तितं सांगा.” तिनं पाण्याचा तांब्या उचलला आणि आत गेली.

तिथून तो थेट पेणला माडीवर आला आणि शेठना सगळं सांगितलं. तो समजून होता की शेठ भडकतील. शेठनी एकच प्रश्न विचारला, की चौकशीत आपण दाखवला तो प्रोग्रॅम दुरुस्त केलेला होता? तो हो म्हणाल्यावर ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्यांनी चौकशीत मोठ्या विश्वासानं जनूविरुद्ध दोन शब्द टाकले होते, प्रविणच्या भरवशावर. मग त्यांनी स्वतः रोह्याला फोन लावला. बोलताना त्यांनी प्रविणचं नाव घेतलं नाही. आमची चूक आहे, एवढंच म्हणाले.

पुढच्या खेपेला सगळे पुन्हा त्या खोलीत जमले. नाथालाही बोलावलं होतं. त्याच्या हाताला कोपरापर्यंत पट्ट्या होत्या आणि मान एका बाजूला आखडली होती. तो आणि जनू एकमेकांपासून लांब उभे होते. वाफेची मुख्य लाइन बंद केली, पात्र रिकामं होतं.

प्रविणनं प्रोग्रॅममध्ये तो शब्द सगळ्यांसमोर परत लिहिला. काय लिहितोय आणि त्यानं काय होणार ते आधी सांगितलं. मग प्रोग्रॅम बनवला आणि बटण दाबलं.

काटा उतरायला लागला. तो शून्याला टेकला. पडद्यावर ‘बंद होत आहे’ तसंच राहिलं. आणि काटा उसळून थेट टोकाला जाऊन आदळला.

नाथानं भाजलेला हात छातीशी ओढून घेतला. पात्र रिकामं आहे, लाइन बंद आहे, हे त्याला माहीत होतं.

प्रविणनं एकेक करून सगळी बटणं दाबून दाखवली. कशानंच काही झालं नाही. काटा आपल्या चालीनं पुन्हा खाली उतरू लागला होता. साहेबांनी विचारलं, हे किती वेळ चालेल? प्रविण म्हणाला, वीज आहे तोवर. मग त्यानं जनूला स्विच ओढायला सांगितला. जनूनं ओढला. काटा शून्यावर पडला.

साहेबांनी विचारलं, मग मागच्या वेळी हे का झालं नाही? प्रविणनं तेही सांगितलं, फ्लॉपीचं, चहाचं, थोडी सुधारणा म्हटल्याचं. दाजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. त्या एका नजरेनं त्याला जितकं लागलं तितकं साहेबांच्या नंतरच्या बोलण्यानं लागलं नाही, आणि साहेब बरंच बोलले.

बाहेर पडताना नाथा जनूजवळ थांबला. प्रविण मागेच होता, त्यानं ऐकलं.

“तू उघड म्हनालास, म्हनून मी उघडली,” नाथा म्हणाला. “अक्षरं यायची व्हती. तू थांबला नायस.”

“व्हय,” जनू म्हणाला. “ते माजं हाय.”

दोघं पुढे बरोबर चालत गेटापर्यंत गेले.

जनूला कामावर परत घेतलं. त्यानं पडद्यापुढे बसायला नकार दिला आणि बॉयलरवर मागून घेतलं. शेठच्या फर्मचं त्या कारखान्यातलं काम गेलं, ते दुसऱ्या कोणाला दिलं. शेठनी प्रविणला काढलं नाही. पण त्यानं लिहिलेला प्रत्येक प्रोग्रॅम ते आता दुसऱ्या एका माणसाला दाखवून घ्यायचे, आणि तसं करताना प्रविणकडे बघायचे नाहीत. वर्ग मात्र त्याच्याकडे राहिले.

नाथाच्या हातासाठी डॉक्टरांनी पेणला एका सर्जनचं नाव सांगितलं होतं. नाथा गाडीनं येणार त्या दिवशी प्रविण स्टेशनवर जाऊन उभा राहायचा. पहिल्या वेळी नाथानं त्याला पाहिलं आणि न बोलता पुढे चालायला लागला. प्रविण त्याच्यामागून दवाखान्यापर्यंत गेला आणि बाहेर बाकड्यावर बसला. दुसऱ्या वेळी नाथानं पिशवी त्याच्या हातात दिली, कारण ती एका हातानं धरून औषधाची चिठ्ठी काढता येत नव्हती. पुढे ते बोलायला लागले, गाडी उशिरा आल्याबद्दल, डोळवीच्या कारखान्यात नोकरभरती निघाल्याबद्दल, नाथाच्या आईच्या गुडघ्यांबद्दल. झाल्या गोष्टीबद्दल नाथानं त्याला कधी विचारलं नाही. एकदा पट्ट्या सुटल्यावर त्यानं बोटं मिटून दाखवली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पूर्ण मिटत नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, आता एवढीच मिटतील. नाथानं हात खिशात घातला आणि गाडीची वेळ झाली का ते विचारलं. प्रविण म्हणाला, आहे अजून थोडा वेळ, आणि ते दोघे फलाटाकडे निघाले.